नाचणी सत्त्वाचं लिस्टिंग बंद पडलं तेव्हाचं अपील

सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या घरगुती उद्योगाचं नाचणी सत्त्व एका मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकलं जात होतं. मोड आणलेली नाचणी सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळायची, ५०० ग्रॅमच्या पाऊचमध्ये भरायची. विक्री बरी चालली असताना एके दिवशी लिस्टिंग दिसेनासं झालं आणि खात्यात सूचना आली: ‘प्रतिबंधित उत्पादन धोरणाचा भंग, शिशुआहार.’ अपिलाचं काम माझ्याकडे आलं. त्यात काय केलं आणि ते का केलं, ते क्रमाने लिहितो. पीठ, मसाले, लोणची, काढे विकणाऱ्या कुणालाही हा प्रकार कधीतरी भेटतोच.

उत्पादकाने स्वतःहून पहिलं उत्तर आधीच पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की माल शंभर टक्के शुद्ध आहे, रसायनं नाहीत, परवाना आहे, ग्राहक खूश आहेत आणि दहा कुटुंबं यावर चालतात. सगळं खरं होतं, पण सूचनेत शुद्धतेवर कुणी शंकाच घेतली नव्हती. सूचना होती ‘शिशुआहार’ या शब्दाची. अपील तपासणाऱ्यासमोर त्या दिवसाची मोठी रांग असते आणि तो एकच गोष्ट बघतो: आपण दाखवलेलं कारण विक्रेत्याला कळलं आहे का आणि ते दूर झालं आहे का. पत्रात ते सापडलं नाही की ‘माहिती अपुरी आहे’ असं छापील उत्तर येतं. इथेही तेच आलं होतं.

म्हणून पत्र लिहायच्या आधी कारण नेमकं कुठे आहे ते शोधलं. भारतात १९९२ चा एक कायदा आहे, शिशूंचे दूधपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्यावर नियंत्रण ठेवणारा. २००३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. सहा महिन्यांनंतर ते दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाला पूरक म्हणून जे अन्न विकलं जातं किंवा तसं भासवलं जातं, ते त्यानुसार शिशुआहार ठरतं, मग पाकिटावर नाव काहीही असो. अशा अन्नाची जाहिरात करता येत नाही आणि त्याच्या वेष्टनावर बाळाचं किंवा स्त्रीचं चित्र छापता येत नाही. इथली मेख ‘भासवलं जातं’ या शब्दांत आहे. पाऊचमध्ये साधं नाचणीचं पीठ असलं तरी ‘बाळाचा पहिला घास’ असं लिहिलं की ते पीठ राहत नाही. आपल्याकडे नाचणी सत्त्व बाळाला द्यायची रीत जुनी आहे, त्यामुळे लिहिणाऱ्याला यात काही गैर वाटत नाही. बहुतेक लिस्टिंगं इथेच अडकतात.

मग लिस्टिंगचा डेटा एक्सेल फाइलमध्ये उतरवून घेतला. ग्राहकाला दिसणारं पान पाहून भागत नाही, कारण अर्धी माहिती पडद्यामागे असते. शीर्षकात ‘६+ महिन्यांच्या बाळांसाठी’ होतं, ते उघडच दिसत होतं. पण वर्गवारी ‘बेबी फूड’ निवडलेली होती. किमान वयाच्या रकान्यात ६ महिने भरलेले होते. ग्राहकाला न दिसणाऱ्या शोधशब्दांत एका नामांकित बाळआहाराच्या ब्रँडचं नाव टाकलेलं होतं. तिसऱ्या फोटोत रांगणारं बाळ होतं आणि फोटोवरच्या अक्षरांत ‘डायबेटीस व वजन नियंत्रणात ठेवते’ असं होतं. फोटोवरची अक्षरंही यंत्रणा वाचते, हे अनेकांना माहीत नसतं. मजकूर दहा वेळा सुधारला आणि फोटो तसाच राहिला तर अपील तिथेच पडतं.

डायबेटीसचं वाक्य सूचनेत नव्हतं, तरी तेही काढायला लावलं. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या कायद्याच्या परिशिष्टात मधुमेह आणि स्थूलता हे दोन्ही आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती व दाव्यांबाबतचे २०१८ चे नियमही अन्नाला रोग बरा करण्याचा किंवा टाळण्याचा दावा करू देत नाहीत. पुन्हा तपासणी होते तेव्हा पूर्ण लिस्टिंग तपासलं जातं. सांगितलेला दोष काढला आणि न सांगितलेला ठेवला की लिस्टिंग सुरू होऊन पुन्हा बंद पडतं, आणि दुसऱ्या वेळी खात्यावरची नोंद जास्त जड असते.

खरी अडचण मात्र छापील लेबलची होती. ‘बाळाचा पहिला घास’ आणि बाळाचं रेखाचित्र पाऊचवरच होतं. बाजाराच्या गोदामात असे १४० पाऊच पडून होते. लिस्टिंगचे शब्द बदलून फोटोत दुसरं पाऊच दाखवलं असतं, तर फोटो वेगळा आणि घरी येणारा माल वेगळा झाला असता. तो वेगळाच गुन्हा, आणि पहिल्यापेक्षा वाईट.

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे खरोखरच शिशुआहार म्हणून विकायचं. त्यासाठी शिशुपोषणाच्या अन्नाचे २०२० चे नियम लागू होतात, पोषकतत्त्वांची प्रमाणं ठरलेली असतात आणि परवान्यातला अन्नप्रकार वेगळा असावा लागतो. जाहिरातीवरची बंदी तर राहतेच. छोट्या उद्योगाला हे जमण्यासारखं नाही. दुसरी वाट म्हणजे माल जो आहे तोच म्हणून विकायचा: मोड आलेल्या नाचणीचं पीठ, घरातल्या सगळ्यांसाठी. आम्ही दुसरी धरली आणि मग पत्रातल्या प्रत्येक ओळीला तीच बाजू सांभाळावी लागली. ‘हे पीठच आहे, पण बाळालाही चालतं’ असं एक वाक्य पत्रात आलं असतं तरी अपील हातचं गेलं असतं.

पुराव्यात पहिला अन्नसुरक्षा परवाना. लोक पहिलं पान जोडतात, ज्यावर १४ अंकी क्रमांक आणि पत्ता असतो. तपासणाऱ्याला हवं असतं ते उत्पादनांच्या यादीचं पुढचं पान. प्राधिकरणाच्या वर्गीकरणात ०६ म्हणजे धान्यं आणि धान्यजन्य पदार्थ, १३ म्हणजे विशिष्ट पोषणासाठीचं अन्न, ज्यात शिशूंचं पूरक अन्न येतं. या उद्योगाच्या यादीत ०६ खाली नाचणीचं पीठ होतं, १३ नव्हतं. आधीच्या लिस्टिंगवर हेच पान उलटलं असतं, कारण परवाना पिठाचा आणि विक्री शिशुआहाराची झाली असती. नव्या बाजूला मात्र तोच सर्वांत भक्कम पुरावा ठरला. त्या ओळीभोवती चौकट काढली आणि मूळ कागदावर दुसरी काही खूण केली नाही. खाडाखोड किंवा झाकलेला भाग दिसला की कागद नाकारला जातो.

दुसरा पुरावा प्रयोगशाळेचा अहवाल. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यतेची हवी, आणि अहवालातलं उत्पादनाचं नाव व बॅच क्रमांक हे फोटोतल्या पाऊचवरच्या नावाशी आणि बॅचशी जुळायला हवेत. जुना अहवाल ‘बेबी रागी मिक्स’ या नावाने होता. तो जोडला असता तर आपणच आपल्याविरुद्ध साक्ष दिली असती. म्हणून नव्या लेबलच्या पहिल्या बॅचचा नमुना पाठवून नवा अहवाल मागवला. त्यात कॅल्शियम १०० ग्रॅमला ३१८ मिलिग्रॅम आलं. २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थात शिफारस केलेल्या दैनिक गरजेच्या १५ टक्के खनिज असेल तर ‘स्रोत’ म्हणता येतं आणि ३० टक्के असेल तर ‘भरपूर’. प्रौढाची गरज १००० मिलिग्रॅम धरली तर हे पीठ ‘भरपूर’मध्ये बसतं. उत्पादकाला ते वाक्य मोठ्या अक्षरांत हवं होतं. मी नको म्हटलं. कागदावर बसत असलं तरी अपील चालू असताना एकही दावा नसावा, आकडा फक्त पोषणतक्त्यात असावा. वाक्य नंतर घालता येतं, तेही दर बॅचला आकडा ३०० च्या वर राहील याची खात्री असेल तरच. नाचणीचं वाण आणि शेत बदललं की तो खाली येऊ शकतो.

तिसरा पुरावा जुन्या मालाचा. गोदामातले १४० पाऊच परत मागवायची विनंती खात्यातून टाकली आणि तिच्या क्रमांकाचा स्क्रीनशॉट घेतला. नवी लेबलं छापल्याचं छापखान्याचं तारखेसह बिल घेतलं. घरी शिल्लक असलेली जुनी लेबलं मधोमध कापून त्यांचा एक फोटो काढला. जुन्या चित्रावर स्टिकर चिकटवायची सूचना आली होती, ती मी मोडून काढली. स्टिकर निघतो, आणि फोटोत त्याची कड दिसली की तपासणाऱ्याला खाली काय आहे असा प्रश्न पडतो.

चौथा पुरावा नव्या पाऊचचे फोटो. डिझायनरने केलेलं चकचकीत चित्र चालत नाही, खऱ्या भरलेल्या पाऊचचा फोटो लागतो, सगळ्या बाजूंनी. वाचता यायला हवं ते असं: उत्पादनाचं नाव, घटक (एकच: मोड आलेली नाचणी), पोषणतक्ता, हिरवं शाकाहारी चिन्ह, उत्पादकाचं नाव व पत्ता, परवाना क्रमांक, निव्वळ वजन, बॅच, उत्पादनाची व वापराची अंतिम तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, एककाची किंमत आणि ग्राहकसेवेचा फोन व ईमेल. एककाची किंमत बऱ्याच जणांकडून राहते. ५०० ग्रॅमला २४० रुपये असतील तर प्रति ग्रॅम ०.४८ रुपये. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार यातल्या बऱ्याच गोष्टी ऑनलाइन पानावरही दिसाव्या लागतात, म्हणून सुधारित मजकुरात त्या भरल्या. लेबलचा काही भाग मराठीत होता. तपासणारा मराठी वाचणारा असेल असं धरता येत नाही, म्हणून मराठी ओळींचं इंग्रजी भाषांतर एका वेगळ्या पानावर, ओळीला ओळ लावून दिलं.

फाइलींना नावं अशी दिली की पत्रातला क्रमांक आणि फाइल लगेच जुळावी:

```
01_fssai_licence_with_product_list.pdf
02_lab_report_new_batch.pdf
03_removal_order_and_printer_bill.pdf
04_new_pouch_photos.pdf
05_corrected_listing_old_vs_new.pdf
```

परवान्याची पीडीएफ पासवर्डची असेल तर पासवर्ड काढून पुन्हा सेव्ह करावी. आयफोनवर काढलेले फोटो जेपीजीत बदलावेत. ड्राइव्हची लिंक देऊ नये, ती बहुधा उघडली जात नाही.

पाचव्या फाइलमध्ये सुधारित मजकूर होता, दोन रकान्यांत: डावीकडे जुनं, उजवीकडे नवं, प्रत्येक रकान्याच्या नावासह. शीर्षक ‘नाचणी सत्त्व, ६+ महिन्यांच्या बाळांसाठी’ होतं, ते ‘मोड आलेल्या नाचणीचं पीठ, ५०० ग्रॅम’ झालं. वर्गवारी ‘बेबी फूड’वरून ‘पिठं’ झाली. वयाचा रकाना रिकामा केला. शोधशब्दांतून ब्रँडचं नाव, ‘बाळ’, ‘शिशू’ आणि त्यांची इंग्रजी रूपं काढली आणि ‘नाचणी, रागी, आंबील, भाकरी’ राहिले. वर्णनात बाळाची खीर जाऊन भाकरी, आंबील आणि घावनांची कृती आली. बंद लिस्टिंगमध्ये काही रकाने बदलता येत नाहीत, ते कुलूपबंद असतात. ते कोणते हे याच फाइलमध्ये लिहिलं, नाहीतर तपासणारा चालू पान उघडतो, जुनंच पाहतो आणि काहीच केलं नाही असं समजतो.

याच उत्पादनाचं २०० ग्रॅमचं वेगळं लिस्टिंग होतं, ते अजून चालू होतं. ते स्वतःहून थांबवलं आणि सारखंच सुधारलं. एक भावंड बंद आणि दुसरं जुन्याच शब्दांनी चालू, हे तपासणीत पहिल्यांदा दिसतं. बंद लिस्टिंग पुसून त्याच मालाचं नव्या नावाने दुसरं चढवण्याचा मोहही आवरावा. ते नियम चुकवणं मानलं जातं, आणि मग लिस्टिंगऐवजी खातंच बंद होतं.

पत्र इंग्रजीत गेलं. मराठीत ते असं होतं:

विषय: लिस्टिंग पुन्हा सुरू करण्याबाबत, मोड आलेल्या नाचणीचं पीठ ५०० ग्रॅम (उत्पादन क्रमांक, प्रकरण क्रमांक)

आपल्या सूचनेनुसार हे लिस्टिंग शिशुआहार या कारणाने बंद करण्यात आलं आहे. आम्ही तपासलं असता कारण बरोबर असल्याचं आढळलं. शीर्षक, वर्गवारी, किमान वय, शोधशब्द, तिसरा फोटो आणि पाऊचवरचं लेबल या सहा ठिकाणी उत्पादन बाळांसाठी असल्याचं दर्शवलं होतं. उत्पादन प्रत्यक्षात एकाच घटकाचं धान्यपीठ आहे आणि आमचा परवाना धान्यजन्य पदार्थांचा आहे (जोड १). तिसऱ्या फोटोत आरोग्यविषयक दावाही होता.

आम्ही केलेले बदल: सहाही ठिकाणचा मजकूर बदलला व आरोग्यविषयक दावा काढला (जोड ५). नवं लेबल छापलं असून त्यावर बाळाचं चित्र किंवा उल्लेख नाही (जोड ४). नव्या बॅचचा तपासणी अहवाल सोबत आहे (जोड २). जुन्या लेबलचे १४० पाऊच आपल्या गोदामातून परत मागवले आहेत (जोड ३). ते परत येईपर्यंत नवा माल पाठवणार नाही. २०० ग्रॅमचं लिस्टिंगही आम्ही स्वतः थांबवून सुधारलं आहे.

यापुढे: कोणताही नवा फोटो किंवा मजकूर चढवण्यापूर्वी तो परवान्यातल्या उत्पादन यादीशी आणि छापील लेबलशी जुळवून पाहिला जाईल. ही जबाबदारी परवानाधारकाची राहील.

एवढंच. पानभरापेक्षा कमी. ‘इतर पन्नास विक्रेते हेच विकतात’ हे वाक्य उत्पादकाला घालायचं होतं, ते काढलं. त्यांची तक्रार वेगळी करता येते, पण आपल्या अपिलात ती बचाव म्हणून वाचली जाते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० चा दाखलाही काढला. त्या नियमांतली ४८ तासांत पोच आणि महिन्यात निवारण ही मुदत ग्राहकाच्या तक्रारीसाठी आहे, विक्रेत्याच्या अपिलासाठी नाही. चुकीचा कायदा दाखवला की बाकी पत्राचंही वजन जातं.

अपील पाठवल्यावर दुसरं पाठवलं नाही. रोज नवं प्रकरण उघडलं की कागद वेगवेगळ्या माणसांकडे विखुरतात. उत्तर आलं ते ‘पाऊचवरील माहिती स्पष्ट दिसत नाही’ असं. नापसंती आणि अपुरेपणा यांत फरक असतो. इथे कारणावर आक्षेप राहिला नव्हता, फक्त एक फोटो अडला होता. मागच्या बाजूच्या फोटोत पाऊच फुगलेलं होतं आणि चकाकीमुळे परवाना क्रमांकाचे मधले अंक पुसट होते. पाऊच अर्धं रिकामं करून सपाट केलं, खिडकीच्या उजेडात फ्लॅश न लावता फोटो घेतला, आणि शेजारी न चिकटवलेल्या लेबलचा स्कॅन ठेवला. त्याच प्रकरणात, त्याच धाग्यावर, दोन ओळींसह पाठवलं. त्यावर लिस्टिंग सुरू झालं.

सुरू झाल्यावर चालू पान फोनवरून, खात्यातून बाहेर पडून तपासलं. शीर्षक नवं होतं, पण ब्रँडच्या माहितीच्या पट्ट्यात रांगणारं बाळ तसंच होतं, कारण तो भाग वेगळ्या ठिकाणी साठवला जातो. तो त्याच दिवशी बदलला. जाहिरातींच्या शोधशब्दांची यादीही वेगळी असते, तिच्यातले ‘बेबी’चे शब्द बंद केले. ग्राहकांनी परीक्षणात टाकलेले बाळांचे फोटो त्यांचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही, पण ते उचलून आपल्या जाहिरातीत वापरायचेही नाहीत. आणि पानाखाली ‘सात महिन्यांच्या बाळाला चालेल का?’ हा प्रश्न येतोच. विक्रेत्याने दिलेलं उत्तर हाही लिस्टिंगचाच मजकूर धरला जातो, म्हणून तयार उत्तर एकच ठेवलं: ‘हे सर्वसाधारण वापराचं नाचणीचं पीठ आहे, शिशुआहार नाही. बाळाच्या आहाराबद्दल कृपया डॉक्टरांना विचारा.’